धागा: पीएचडीचा आराखडा – शेततळी आणि विहिरींचं पाणी (उद्दिष्टं, परिकल्पना, वेळापत्रक यांवर मतं हवीत)

रानवाट_७८

नमस्कार मंडळी. मी भूगोलात पीएचडी करतेय. कोर्सवर्क झालंय, आता दोन महिन्यांनी आरआरसी, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे आराखडा मांडायचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे गावांमध्ये जाणं शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्येच जमेल. मार्गदर्शकांनी 'परिकल्पना ढिल्या आहेत' एवढंच सांगून परत पाठवलं. नेमकं काय ढिलं आहे ते मला उलगडत नाही, म्हणून इथे मांडते.

विषय: जालना तालुक्यातील शेततळ्यांचा शेती उत्पन्नावर व भूजलावर झालेला परिणाम.

उद्दिष्टं चार आहेत. शेततळ्यांच्या वितरणाचा अभ्यास करणे, पीकरचनेतील बदलाचा अभ्यास करणे, उत्पन्नातील बदलाचा अभ्यास करणे, भूजल पातळीचा अभ्यास करणे.

परिकल्पना दोन. शेततळ्यांमुळे शेतकऱ्यांच्या उत्पन्नात वाढ झाली आहे. शेततळ्यांमुळे भूजल पातळी घटली आहे.

नमुना ४०० शेतकरी, १० गावांतून प्रत्येकी ४०. पहिले सहा महिने साहित्य आढावा, पुढचे सहा महिने, म्हणजे जुलै ते डिसेंबर, प्रश्नावली आणि विहिरींची मोजणी, मग विश्लेषण, तिसऱ्या वर्षी लेखन. यात काय बदलू?

---

कोकणकडा

ताई, सिनॉप्सिस तर शेवटी देतात ना? प्रबंध जमा करायच्या आधी सगळ्या प्रकरणांचा गोषवारा? माझ्या मेहुण्याने तसाच दिला होता, सोबत निष्कर्षही होते. तुमचं काम झालेलं दिसत नाही, मग घाई कशाला?

---

रानवाट_७८

दादा, त्याला आमच्याकडे सबमिशन सिनॉप्सिस म्हणतात. माझा अजून सुरुवातीचा आराखडा आहे, ज्याला आरआरसीची मंजुरी लागते. दोन्हींना सिनॉप्सिसच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

---

अभ्यासू_नाशिककर

परिकल्पना शून्य परिकल्पना म्हणूनच लिहा. 'शेततळ्यामुळे उत्पन्नात फरक पडत नाही' असं. सकारात्मक वाक्य लिहिलं की समिती लगेच धरते. आणि ४०० हा आकडा कुठून आला ते दाखवा, यामानेचं सूत्र द्या:

```
n = N / (1 + N·e²)
```

तालुक्यात समजा १२,००० शेतकरी कुटुंबं, चूक ५ टक्के, तर ३८७ येतात. ढोबळमानाने ४००. मी हेच वापरलं, कुणी प्रश्न विचारला नाही.

---

सुमतीकाकू

मी ३० वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय, अनेक आराखडे समितीत बसून वाचलेत. नाशिककरांचं निम्मं बरोबर आहे. चाचणी शून्य परिकल्पनेची होते हे खरं, पण आराखड्यात संशोधक काय अपेक्षा धरतो आणि का, हे लिहायलाच हवं. 'फरक पडत नाही' असं नुसतं लिहिलं तर समितीला कळत नाही की तुम्ही कोणत्या दिशेने, कशामुळे, किती फरकाची वाट बघताय.

रानवाट, तुझ्या परिकल्पना ढिल्या आहेत म्हणजे काय ते सांगते. 'उत्पन्नात वाढ झाली आहे', कुणाच्या तुलनेत? स्वतःच्या आधीच्या वर्षाच्या, की तळं नसलेल्या शेजाऱ्याच्या? आणि ज्याने तळं खोदलं तो आधीपासूनच बरा नव्हता कशावरून? 'मागेल त्याला शेततळे' ही योजना फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने आली. तिला किमान ०.६० हेक्टर जमिनीची अट होती, अनुदान कमाल ५०,००० रुपये. वर प्लॅस्टिकचा खर्च शेतकऱ्याचा. म्हणजे तळ्याला कागद अंथरणारा माणूस बहुतेक वेळा आधीच विहीर, थोडी मोठी जमीन आणि हातात पैसा असलेला असतो. तुला त्याचं उत्पन्न जास्त सापडेल, पण ते तळ्यामुळे की त्या आधीच्या ऐपतीमुळे, ते कळणार नाही. तुझी पहिली परिकल्पना इथेच कोसळते, आणि प्रश्नावली कितीही लांब केलीस तरी सावरत नाही.

यामानेच्या सूत्राबद्दल नंतर लिहिते, आता नातीला शाळेतून आणायचंय.

---

बांधावरचा_पाटील

मी शेतकरी. तालुका तुमचाच, गाव सांगत नाही. माझं ३० बाय ३० मीटरचं तळं आहे, तीन मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा कागद. दोन एकर द्राक्षं, बाकी मोसंबी आणि कापूस.

तुम्ही लोक 'पावसाचं पाणी साठवतो' असं लिहिता. कागदाच्या तळ्याला चारी बाजूंनी बांध असतो, बाहेरून पाणी आत येत नाही. वरून पडतं तेवढंच. बाकी सगळं विहिरीचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात विहीर काठोकाठ असते, तेव्हा रात्रंदिवस मोटर चालवून तळं भरून घ्यायचं, आणि फेब्रुवारीपासून विहीर बसली की तळ्यातून द्राक्षाला द्यायचं. आमच्या गल्लीत पाचजणांची अशी तळी आहेत. ज्यांची नाहीत त्यांच्या विहिरी आता जानेवारीतच खडखडतात. वाईट वाटतं, पण खरं आहे ते लिहितो.

---

रानवाट_७८

पाटीलदादा, ही माहिती माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती. मी 'शेततळ्यांमुळे भूजल घटलं' असं लिहिलं, पण ते कसं घटलं ही वाटच मला माहीत नव्हती. तळ्यात नेमकं किती पाणी वरून पडतं आणि किती विहिरीतून, याचा हिशोब आहे का कुणाकडे?

---

घनमीटर

जलसंधारणात नोकरी केली, आता निवृत्त. हा हिशोब कागदावर होतो.

वर ३० बाय ३०, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे तीन मीटर खाली तळ २४ बाय २४. मधल्या पातळीला २७ बाय २७. म्हणून घनफळ:

```
(3/6) × (900 + 576 + 4×729) = 2196 घनमीटर
```

सुमारे २२ लाख लिटर. आता जालन्याकडे वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला, तर ९०० चौरस मीटरवर ५८५ घनमीटर पडतात. तळ्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. उरलेलं, १,६०० घनमीटर, विहिरीतूनच यायला हवं.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी ते मे पाणी उडतं. दिवसाला सरासरी सात मिलिमीटर धरलं, तर भरलेल्या तळ्यावरून रोज ६,३०० लिटर जातात. शंभर दिवसांत ६३० घनमीटर. पाणी उपसलं की पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून प्रत्यक्षात कमी, पण अंदाज कळतो. म्हणजे पावसाने जेवढं दिलं, जवळजवळ तेवढंच उन्हाने नेलं. आणि विहिरीतलं पाणी जमिनीखाली राहिलं असतं तर ते एवढं उडालं नसतं. ताईंच्या दुसऱ्या परिकल्पनेमागची यंत्रणा ही असू शकते.

एकच शंका मांडतो, तिचं उत्तर माझ्याकडे नाही. ऑक्टोबरात काळ्या पाषाणातल्या विहिरीत वर आलेलं पाणी तसंही ओढ्यात वाहून जातं का? तसं असेल तर पाटलांनी उपसलेल्या पाण्यातला काही भाग कुणाचाच नव्हता. उरलेला भाग शेजाऱ्याचा. हे प्रमाण गावागणिक बदलेल, खडक कसा आहे त्यावर.

---

प्राजक्ता_एस

मी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे. माझा अनुभव असा की आराखड्यापेक्षा नैतिक समितीच्या मंजुरीत जास्त वेळ गेला. नमुने गोळा करायचे तर आधी संमतीपत्र, मराठीत. सहा महिने निघून गेले आणि पुढचं वर्षभर मी वैतागलेली होते. मी प्रयोगशाळेत होते, तुम्ही शेतात, पण तुम्हीही शेतकऱ्यांच्या विहिरी मोजणार, म्हणजे संमती लागेलच. आत्ताच अर्ज टाका.

---

रानवाट_७८

प्राजक्ता, हे बघितलंच नव्हतं, उद्याच विचारते. पाटीलदादा, विहिरी कशा मोजू? मी सरकारी निरीक्षण विहिरींची आकडेवारी वापरणार होते.

---

घनमीटर

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षात चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. २०१६ च्या आधीचीही आकडेवारी मिळते, ती तुम्हाला सोन्यासारखी आहे. पण निरीक्षण विहीर काही गावांत एखादी असते आणि ती पाटलांच्या गल्लीत असेलच असं नाही. ती तालुक्याचा कल दाखवेल, तळ्याच्या शेजारी काय झालं ते नाही. म्हणून जुनी आकडेवारी पार्श्वभूमीला घ्या आणि स्वतःची मोजणी वेगळी करा.

पद्धत साधी आहे. पोलादी टेप आणि टोकाला वजन. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक ठिपका करा, दर वेळी तिथूनच मोजा. नाहीतर एकदा कठड्यावरून, एकदा खालच्या पायरीवरून मोजलं जातं आणि दोन फूट पाणी वाढल्याचा आनंद होतो. सगळ्यात मोठा घोटाळा मोटरचा. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही सकाळी सातला पोहोचलात, तर मोटर नुकतीच बंद झालेली असते आणि पाणी अजून खालीच असतं. त्या आठवड्यात गावात सगळ्या विहिरी 'घटलेल्या' दिसतील. तर मोटर बंद होऊन किती तास झाले, हा एक रकाना वहीत हवाच.

---

बांधावरचा_पाटील

आणि बोअर किती फूट ते विचारू नका पहिल्याच भेटीत. २००९ च्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, त्यामुळे कुणीही खरा आकडा सांगणार नाही. बोअरची गाडी चालवणाऱ्याकडून अंदाज मिळेल.

उत्पन्नही 'वर्षाला किती?' असं विचारलं तर माणूस आधी तुमच्याकडे बघेल, मग काहीतरी सांगेल. माझ्याकडे अडत्याच्या पट्ट्या आहेत, पत्र्याच्या डब्यात. त्यावर तारीख, क्रेट, भाव, हमाली, तोलाई सगळं असतं. त्या बघायला मागा. सगळेच देतील असं नाही, पण देतील त्यांचा आकडा खरा.

---

सुमतीकाकू

पाटील, तुमच्या डब्याने रानवाटचे दोन महिने वाचवलेत.

आता नमुन्याचं. नाशिककरांनी दिलेलं सूत्र एखाद्या लोकसंख्येतलं प्रमाण अंदाजायला आहे, म्हणजे 'किती टक्के शेतकऱ्यांकडे तळं आहे' यासारख्या प्रश्नाला, तेही सगळीकडून विखुरलेला नमुना काढला तर. रानवाटचा प्रश्न आहे दोन गटांमध्ये फरक किती. तिथे तळंवाले किती, बिगरतळंवाले किती, आणि उत्पन्न माणसागणिक किती बदलतं, यावर आकडा ठरतो.

शिवाय ती १० गावं घेतेय. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, एकच पाऊस, एकच बाजार, एकच विजेचा फिडर. त्यामुळे ४० जणांकडून मिळणारी माहिती ४० माणसांची नसते. उदाहरणादाखल हा सारखेपणा ०.१ धरला, तर माहिती १ अधिक ३९ गुणिले ०.१, म्हणजे ४.९ पटीने पातळ होते. चारशे माणसांची मेहनत ८२ माणसांच्या किमतीची उरते. त्याऐवजी ३० गावं, प्रत्येकी १० शेतकरी, एकूण ३००. तिथे १.९ पट, म्हणजे १५८ माणसांच्या किमतीची. शंभर मुलाखती कमी आणि पुरावा जवळजवळ दुप्पट. खरा सारखेपणा किती हे आधी तीन-चार गावांत छोटी पाहणी करून काढायचं, मगच ३०० की ३६० ते ठरवायचं.

---

अभ्यासू_नाशिककर

काकू, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण ३० गावं एकटी बाई, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी? मंजूर झालेला आराखडा पूर्ण व्हायला हवा. मला वाटतं १५ गावं आणि प्रत्येकी २०, आणि मर्यादा स्पष्ट लिहायची.

---

सुमतीकाकू

तुमचा मुद्दा रास्त आहे. १५ गावं, २० माणसं, तर २.९ पट, ३०० चे १०३. मी अडून बसत नाही. रानवाट, तुझ्या शनिवारांची मोजणी तू कर आणि मधला आकडा ठरव.

---

रानवाट_७८

आठवडाभर बसून पुन्हा लिहिलंय. चुका दाखवा.

'अभ्यास करणे' हे चारही ठिकाणांहून काढलं. आता तीनच उद्दिष्टं आहेत. एक, निवडलेल्या गावांतल्या कागदाच्या तळ्यांमध्ये विहिरीतून आणि पावसातून किती पाणी येतं ते मोजणे. दोन, तळ्यापासून ३०० मीटरच्या आतल्या आणि त्याबाहेरच्या विहिरींची ऑक्टोबर ते मे मधली घट तुलनेने मांडणे. तीन, तळंवाल्या आणि तळं नसलेल्या, पण जमीन, विहीर आणि फळबागेचं क्षेत्र साधारण सारखं असलेल्या शेतकऱ्यांचं एकरी निव्वळ उत्पन्न पडताळणे.

पहिल्या उद्दिष्टाला परिकल्पना नाही, ते मोजमाप आहे. उरलेल्या दोन्हींना एकेक आहे. तळ्याजवळच्या विहिरींची ऑक्टोबर ते मे घट दूरच्या विहिरींपेक्षा जास्त असेल, कारण भरणीचा उपसा तिथेच होतो. आणि सारख्या ऐपतीच्या शेतकऱ्यांत तळंवाल्याचं एकरी उत्पन्न जास्त असेल, पण तो फरक थेट तुलनेतून दिसतो त्यापेक्षा लहान असेल. हा शेवटचा भाग काकूंमुळे सुचला.

वेळापत्रकात जुलै ते डिसेंबर मोजणी होती, ती पूर्ण चुकीची होती. डिसेंबरात मी थांबले असते, आणि विहिरी बसतात त्या नंतर. आता ऑक्टोबरात भरणीच्या वेळी सुरुवात, पुढे जानेवारी, मार्च, मे, म्हणजे सरकारी विहिरींच्या महिन्यांशी जुळेल. असे दोन हंगाम. मुलाखती द्राक्षाची तोडणी झाल्यावर एप्रिल-मेमध्ये, तेव्हा पट्ट्या हाताशी असतात. आरआरसीची मंजुरी लांबली आणि ऑक्टोबर हुकला तर एक वर्ष जातं, म्हणून विहिरींवर ठिपके मारण्याचं काम आणि संमतीपत्रं मी सप्टेंबरातच करून ठेवणार. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमाल सहा वर्षं आहेत, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण मला चार वर्षांत संपवायचंय.

गावं २०, प्रत्येकी १५.

---

घनमीटर

३०० मीटर कुठून आले? खडकात पाणी भेगांतून जातं. शंभर मीटरवरची विहीर कोरडी आणि पाचशे मीटरवरची त्याच भेगेवर, असं होऊ शकतं. अंतराऐवजी किंवा अंतरासोबत एखाद्या गावात एक उपसा चाचणी करून बघा. मोटर सुरू करायची आणि आजूबाजूच्या विहिरींत दर अर्ध्या तासाने टेप टाकायचा. कुठली विहीर हलते ते दिसेल. आराखड्यात '३०० मीटर, प्राथमिक चाचणीनंतर निश्चित होईल' असं लिहा.

दुसरं, दोन हंगामांत पाऊस वेगळा पडेल. २०१८ मध्ये शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. तसं वर्ष आलं तर तळीच भरणार नाहीत आणि पहिलं उद्दिष्ट अर्धं पडेल. त्याची सोय काय?

---

रानवाट_७८

सर, उपसा चाचणी घातली. दुष्काळ पडला तर, 'तळी भरली नाहीत, तेव्हा कुणी टँकरने भरली, कुणी बाग तोडली' हे मोजायचं असं सध्या लिहिलंय, पण त्यातून परिकल्पना तपासता येईल का हे मला ठरवता आलेलं नाही. मार्गदर्शकांशी बोलते.

---

बांधावरचा_पाटील

माझ्या गल्लीत या ऑक्टोबरात ठिपके मारायला या. मोटर बंद-चालूची वेळ मी वहीत लिहून ठेवीन, शेजाऱ्यांनाही सांगतो. ड्रम आणि घड्याळ घेऊन या, दोनशे लिटरचा ड्रम मोटरखाली किती सेकंदांत भरतो ते बघू, म्हणजे विहिरीतून तळ्यात किती गेलं त्याचा हिशोब लागेल. पण शेजारचा तात्या तयार होईल का ते सांगता येत नाही. त्याच्या विहिरीत जानेवारीतच चिखल असतो आणि तो माझ्याशी बोलत नाही.

---

सुमतीकाकू

रानवाट, तात्यांकडे पाटलांसोबत जाऊ नकोस. एकटी जा.